सहावा कॉम्प्रेसर आणि पाच महिन्यांचं जादा बिल: माफीचा मेल कसा लिहू?

हळदगाठ | 8 सप्टेंबर, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते. कारखान्यांचे एअर कॉम्प्रेसर वर्षाच्या कराराने सांभाळायचे हा आमचा धंदा. दर मशीनमागे महिन्याला 7,500 आणि वर जीएसटी 18 टक्के.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. त्यांचे सहा कॉम्प्रेसर आमच्याकडे. आज दुपारी त्यांच्या अकाउंट्सच्या नव्या मॅडमचा मेल आला, दोन ओळींचा: "ऑगस्टच्या बिलात 6 नग दाखवले आहेत. आमच्याकडे 5 चालू आहेत. कृपया खुलासा करावा."

सर्व्हिस रिपोर्टची फाईल काढली आणि पोटात गोळाच आला. सहावं मशीन मार्चअखेरीस भंगारात गेलंय. आमच्या पोराने 28 मार्चच्या रिपोर्टवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, "नं. 6 काढले, पुढील महिन्यापासून 5". खाली त्यांच्या मेंटेनन्सची सही. तो कागद फाईलला लागला, माझ्या टेबलावर आलाच नाही. त्यांनी मेलही केला होता म्हणे, पण आमच्या ज्या मार्केटिंगवाल्याला केला तो फेब्रुवारीतच नोकरी सोडून गेलेला. आणि मी दर महिन्याला काय करते, तर मागचं बिल कॉपी करून तारीख बदलते.

म्हणजे चूक एप्रिलपासूनची आहे. एप्रिल ते जुलैचे पैसे येऊन जमाही झालेत. त्यांनी मात्र विचारलंय फक्त ऑगस्टचं.

आमचे मालक अण्णा म्हणतात, "विचारलंय तेवढ्याचं उत्तर दे. बाकीचं त्यांनी काढलं तर बघू." मी हा मसुदा केलाय:

> महोदया,
> आपला मेल मिळाला. तांत्रिक कारणास्तव ऑगस्ट महिन्याच्या बिलात नजरचुकीने 1 नग जादा लागला आहे. सुधारित बिल सोबत जोडत आहोत. आपली काही गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत. कृपया सहकार्य करावे.

पाठवू का? हात अडखळतोय.

---

स्पॅनर | 8 सप्टेंबर, रात्री 10:05

ताई, अण्णा बरोबर आहेत. धंद्यात विचारल्याशिवाय सांगायचं नसतं. चार महिने त्यांनीच बिलं पास केली ना? मग त्यांचीही चूक आहेच की. ऑगस्टचं दुरुस्त करा आणि पुढच्या महिन्यापासून पाच लावा. विषय संपला.

---

वांगीभरीत | 8 सप्टेंबर, रात्री 10:22

जादा बिल आलं तर आधी भरू नका. मीटरचा फोटो काढून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला गेल्या वर्षी तीन महिन्यांचं सरासरी बिल लावलं होतं, पाच हेलपाटे मारले तेव्हा कमी झालं.

---

कृष्णाकाठ | 8 सप्टेंबर, रात्री 10:25

@वांगीभरीत, काका, बिल ताईंना आलेलं नाही. ताईंनी लावलंय.

---

वांगीभरीत | 8 सप्टेंबर, रात्री 10:31

अस्सं होय. मग उलटं आहे सगळं. पण हेलपाटे मारायला लावू नका त्या मॅडमना, एवढं मात्र सांगतो.

---

अजिंक्यतारा_पायथा | 8 सप्टेंबर, रात्री 11:10

मी साताऱ्यातच एका कंपनीत (तुमची नव्हे) बिलं पास करायच्या टेबलावर बसते, अकरा वर्षं झाली. त्या मॅडमच्या बाजूने सांगते.

तुमचा हा मेल वाचून मी पहिलं काम काय करीन? जुलैचं बिल उघडीन. त्यात 6 दिसले की जून, मग मे. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला वाटतंय मी ऑगस्टपुरतंच विचारलंय. माझ्यासमोर ऑगस्टचंच बिल होतं म्हणून ऑगस्टचं विचारलं, एवढंच. आणि जुनी बिलं उघडल्यावर तुमच्या मेलमधला "नजरचुकीने" हा शब्द मला फार वेगळा दिसायला लागेल. एका महिन्याची नजरचूक मी मान्य करते. तुम्हाला ऑगस्ट सापडला आणि बाकीचे चार सापडले नाहीत, यावर माझा विश्वास बसणार नाही. तिथून पुढे तुमचं प्रत्येक बिल मी भिंग घेऊन बघीन.

दुसरं, मॅडम नव्या आहेत. जुनी चार बिलं त्यांच्या आधीच्या माणसाने पास केली असतील, नाहीतर त्यांनीच केली असतील. दोन्हीत त्यांना वर जाऊन सांगावं लागणार. तुमचा मेल त्या आहे तसा साहेबांना पुढे पाठवणार. साहेबांना तुमचा करार, तुमचं मशीन, काही माहीत नसतं. तेव्हा मेल असा हवा की तिसऱ्या माणसाला नुसता तोच वाचून सगळं कळेल. आणि "आपणही बिले पास केली होती" असलं चुकूनही लिहू नका. ते खरं असेल, पण ते त्यांचं त्यांना बघू दे.

आज रात्री काही पाठवू नका. सकाळी ऑफिस उघडल्यावर एक ओळ टाका: आपलं म्हणणं बरोबर दिसतंय, एप्रिलपासूनची सगळी बिलं तपासतोय, उद्या दुपारी चारपर्यंत पूर्ण हिशेब पाठवतो. "एप्रिलपासूनची" हा शब्द त्यात पाहिजेच. तो शब्द तुमच्याकडून आधी गेला की पुढचं निम्मं सोपं होतं.

---

स्पॅनर | 8 सप्टेंबर, रात्री 11:24

एप्रिल लिहिलं की संपलं. मग मागे फिरता येत नाही.

---

अजिंक्यतारा_पायथा | 8 सप्टेंबर, रात्री 11:26

मागे फिरता येऊ नये म्हणूनच लिहायचं.

---

जमाखर्च | 9 सप्टेंबर, सकाळी 7:15

विश्रामबागला टॅक्सचं काम करतो, वीस-बावीस वर्षं. मेलच्या शब्दांकडे नंतर येऊ, आधी आकडा पक्का करा. आकडा चुकीचा असलेला माफीनामा म्हणजे दुसरी चूक.

तुम्ही दर महिन्याला 6 मशीनचे 45,000 लावले, जीएसटी धरून 53,100. लावायला हवे होते 5 मशीनचे 37,500, जीएसटी धरून 44,250. महिन्याला 8,850 जादा. पाच महिन्यांचे झाले 44,250. गंमत बघा, पाच महिने एक मशीन म्हणजे एक महिना पाच मशीन, म्हणून जादा रक्कम आणि एका महिन्याचं खरं बिल सारखंच आलं. मेलमध्ये हे नीट वेगळं करून लिहा, नाहीतर वाचणारा गोंधळतो.

या 44,250 पैकी चार महिन्यांचे 35,400 तुमच्या खात्यात येऊन बसलेत. ऑगस्टचे 8,850 अजून नुसते बिलात आहेत.

आता कागद. एप्रिल ते जुलैची रिटर्न भरून झाली आहेत, ती बिलं आता रद्द करायची नाहीत. क्रेडिट नोट काढायची. 37,500 मूळ रक्कम, 3,375 सीजीएसटी, 3,375 एसजीएसटी. माझ्या मते ऑगस्टही त्यातच घ्या, एकच कागद होतो. मग ऑगस्टच्या 53,100 मधून 44,250 वजा जाऊन त्यांनी द्यायचे राहतात 8,850. परत पैसे पाठवायची भानगडच नको.

टीडीएसचं कुणी विचारण्याआधी सांगतो. तुमची पार्टनरशिप फर्म आहे असं धरतो, म्हणजे ते 2 टक्के कापत असणार, जीएसटी सोडून. जुलैपर्यंत 45,000 वर 900 प्रमाणे चार महिने, 3,600 कापले. पाच महिन्यांची खरी रक्कम 1,87,500, त्यावर 3,750 कापायला हवेत. राहिले 150. आणि उरलेल्या 8,850 मध्ये मूळ रक्कम 7,500, त्याचे 2 टक्के 150. आपोआप जुळलं. त्यांनी 8,700 पाठवायचे. पण हे मेलमध्ये त्यांना शिकवू नका. टीडीएस त्यांची जबाबदारी आहे, त्यांच्या सीएंना काय पटेल ते करतील. विचारलं तर हा हिशेब हाताशी ठेवा.

---

कृष्णाकाठ | 9 सप्टेंबर, सकाळी 8:02

जमाखर्चसाहेब, दोन शंका. एक, ऑगस्टचं रिटर्न अजून गेलेलं नाही, 11 तारीख आहे. मग ऑगस्टचं बिल रद्द करून नवीन पाचचं का देऊ नये? दोन, क्रेडिट नोट प्रत्येक बिलाला वेगळी लागते ना? आमच्या ऑफिसात पाच बिलं असली की पाच काढतात.

---

जमाखर्च | 9 सप्टेंबर, सकाळी 8:40

दुसरं आधी. पूर्वी तसंच होतं. फेब्रुवारी 2019 पासून अनेक बिलांची एक नोट चालते. तुमच्या ऑफिसात जुनी सवय राहिली असेल. फक्त नोटेवर पाचही बिलांचे नंबर आणि तारखा लिहा. पुढे कुणी तपासलं तर तेच विचारतात.

ऑगस्टचं तुमचं निम्मं बरोबर आहे. रिटर्न भरलेलं नाही तोवर बिल बदलता येतं, आणि त्यांचा टॅक्स क्रेडिटचा आकडाही पहिल्यापासून बरोबर दिसेल. पण ते बिल त्या मॅडमच्या टेबलावर आहे, त्यावरूनच हा सगळा मेल सुरू झालाय. कदाचित सिस्टीममध्ये चढलंही असेल. तो नंबरच गायब केला तर त्यांच्या फाईलमध्ये प्रश्न राहतो आणि कागद राहत नाही. म्हणून मी नोट म्हणतो. दुसरा सीए बिल बदला म्हणेल, त्याला मी चूक म्हणणार नाही.

---

कृष्णाकाठ | 9 सप्टेंबर, सकाळी 8:47

मी तरी बदलूनच दिलं असतं. चुकीचं आहे हे माहीत असताना ते बिल 11 तारखेला रिटर्नमध्ये टाकायचं, हे मला पटत नाही. असो.

---

हळदगाठ | 9 सप्टेंबर, दुपारी 1:20

सगळ्यांचे आभार. सकाळी ती एक ओळ पाठवली, एप्रिल शब्दासकट. मॅडमचं उत्तर आलं: "ठीक." एवढंच. या "ठीक"चा अर्थ लावत बसलेय.

अण्णांना हिशेब दाखवला. पहिल्यांदा चिडले. मग म्हणाले, "पस्तीस हजार खाऊन काय बंगला बांधणार आहे का मी," आणि चहा मागवला. म्हणजे परवानगी मिळाली. पण त्यांची एक अट आहे, मेलमध्ये चूक कबूल करायची नाही. उद्या ते करार मोडायला किंवा दंड मागायला हाच मेल दाखवतील म्हणतात.

दुसरा मसुदा:

> महोदया,
> आपण निदर्शनास आणून दिलेल्या बाबीबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या एका माजी कर्मचाऱ्याने आपला मार्च महिन्यातील मेल पुढे न कळवल्याने व सर्व्हिस विभागाकडून माहिती न मिळाल्याने एप्रिल ते ऑगस्ट या काळात बिलात 1 नग जादा आकारला गेला. या अक्षम्य चुकीबद्दल आम्ही अत्यंत शरमिंदे असून आपली हात जोडून क्षमा मागतो. आपल्यासारख्या मान्यवर ग्राहकाचा विश्वास हीच आमची खरी संपत्ती आहे. यापुढे अशी चूक कधीही होणार नाही याची ग्वाही देतो. क्रेडिट नोट सोबत जोडली आहे.

---

अजिंक्यतारा_पायथा | 9 सप्टेंबर, दुपारी 1:45

अगं बाई. चूक कबूल करायची नाही ही अट, आणि हात जोडून क्षमा! कबुली नाही पण लोटांगण आहे. मला वाचताना उलट वाटलं पाहिजे: कबुली स्पष्ट, लोटांगण शून्य.

हा मेल वाचून मला किती रुपये जादा गेले तेही कळत नाही. आकडा जोडलेल्या कागदात ढकललाय. रागावलेला माणूस आधी आकडा शोधतो, तो मेलच्या पहिल्या चार ओळींत दिसला पाहिजे.

आणि माजी कर्मचारी कशाला? तो गेला तर त्याचा मेल दुसऱ्याकडे वळवायचं काम कुणाचं होतं? तुमचंच. शिवाय या वाक्याचा अर्थ असा होतो, की मेल मार्चमध्येच तुमच्या ऑफिसात पोचला होता. कबूल करायचं नाही म्हणता म्हणता सगळ्यात मोठी कबुली तुम्ही दुसऱ्याच्या नावावर दिलीत.

---

पेठनाका | 9 सप्टेंबर, दुपारी 2:10

माझ्या मते मेल-बिल राहू द्या. सांगलीहून सातारा किती, अडीच तास. गाडी काढा, भडंगाचा दोन किलोचा पुडा घ्या, समोर बसून सॉरी म्हणा. माणूस समोर बसला की राग जातो. आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं असाच धंदा केला.

---

अजिंक्यतारा_पायथा | 9 सप्टेंबर, दुपारी 2:18

भेट चांगली, पण नंतर. लेखी हिशेब हातात नसताना कुणी भडंग घेऊन समोर बसलं तर मला अवघडल्यासारखं होतं. तोंडी मिटवायला आलेत असं वाटतं. आणि आमच्याकडे पुरवठादाराकडून खाऊ घेतलेला चालत नाही. एरवी भडंगाला माझी ना नाही.

---

जमाखर्च | 9 सप्टेंबर, दुपारी 2:50

अण्णांची भीती समजते, पण जरा उलगडून बघू. तुम्ही क्रेडिट नोट काढताय. तुमच्या बाबतीत ती निघते ती बिलात रक्कम आणि कर जादा लागला म्हणूनच. म्हणजे कबुली त्या कागदातच आहे आणि तो जीएसटीच्या पोर्टलवरही जाणार. मग मेलमध्ये "चूक आमची" हे दोन शब्द टाळून काय वाचवणार? फक्त शोभा जाईल.

कबुली कशाची द्यायची एवढं मात्र मोजून ठरवा. घडलं काय ते लिहा: मशीन बंद झाल्याची नोंद आमच्याकडे होती, ती बिलापर्यंत आली नाही, एवढे जादा लावले, असे परत करतो. इथे थांबा. "अक्षम्य", "फसवणुकीचा हेतू नव्हता" असलं लिहू नका. हेतूचं कुणी विचारलंच नाही, तुम्हीच काढलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात येतं.

"यापुढे कधीही" पण काढा. बिल माणूस बनवतो, परत कधीतरी चुकणार. त्या दिवशी हा मेल कुणीतरी काढेल. त्याऐवजी काय बदललंत ते लिहा. काही बदललंय का?

---

हळदगाठ | 9 सप्टेंबर, दुपारी 3:05

अजून नाही. पण आज ठरवते. आमच्या बिलात नुसतं "6 नग" असतं. त्याऐवजी प्रत्येक मशीनचा नंबर टाकला तर? सर्व्हिसवाला महिन्याला ज्या मशीनला हात लावतो त्याचा नंबर रिपोर्टवर असतोच. रिपोर्ट जोडल्याशिवाय बिल काढायचं नाही, असं करता येईल. चालू नसलेल्या मशीनचा रिपोर्टच नसणार.

---

अजिंक्यतारा_पायथा | 9 सप्टेंबर, दुपारी 3:09

हे सोनं आहे. असं बिल आलं तर मला तपासायला दोन मिनिटं लागतील. मेलमध्ये हेच लिहा, आणि बाकी ग्वाह्या काढून टाका.

---

लेखणीवाली | 9 सप्टेंबर, दुपारी 3:15

उशिरा आले. मी शाळेत मराठी शिकवते, हिशेबातलं काही कळत नाही, पण शब्दांबद्दल बोलते.

पहिल्या मसुद्यात "नग जादा लागला आहे", दुसऱ्यात "आकारला गेला". नग आपण होऊन लागत नाही हो! सरकारी मराठीने आपल्याला ही खोड लावलीय, क्रिया होते पण कर्ता सापडत नाही. "आम्ही एक नग जादा लावला" म्हणा. वाक्यही लहान होतं.

"गैरसोय झाली असल्यास" मधलं "असल्यास" आधी काढा. झालीच आहे. "दिलगीर" राहू दे, व्यवहारात तो शब्द शोभतो. "क्षमस्व" लग्नपत्रिकेत किंवा रस्त्याच्या कामाच्या पाटीवर बरा. "माफ करा" बोलताना छान, फोनवर म्हणा. आणि दिलगिरी एकदाच. तीनदा आली की तिचं वजन जातं.

---

हळदगाठ | 9 सप्टेंबर, दुपारी 3:48

हा पाठवतेय. अण्णांनी वाचला. "आमची चूक" वर दोन मिनिटं थांबले, मग म्हणाले, खाली माझं नाव घाल, तुझं नको. मला हे अपेक्षित नव्हतं.

> विषय: एप्रिल ते ऑगस्टच्या बिलांत जादा लागलेले रु. 44,250, क्रेडिट नोटसह
>
> महोदया,
>
> आपले म्हणणे बरोबर आहे. कॉम्प्रेसर क्र. 6 मार्चअखेर बंद झाला, तरी आम्ही एप्रिल ते ऑगस्ट या पाचही महिन्यांच्या बिलांत तो लावला. आपण ऑगस्टबद्दल विचारले होते, तपासताना आधीच्या चार महिन्यांतही हीच चूक आढळली.
>
> जादा रक्कम महिन्याला रु. 8,850 (जीएसटीसह) याप्रमाणे एकूण रु. 44,250 आहे. यापैकी रु. 35,400 आपण भरलेले आहेत.
>
> पाचही बिलांची मिळून एक क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. ती ऑगस्टच्या बिलातून (रु. 53,100) वजा केल्यास आपल्याकडून रु. 8,850 येणे राहतात. याऐवजी भरलेली रक्कम बँकेत परत हवी असल्यास कळवावे, तीन दिवसांत पाठवू. महिनावार तक्ता आणि 28 मार्चच्या सर्व्हिस रिपोर्टची प्रत जोडली आहे.
>
> मशीन बंद झाल्याची नोंद आमच्याकडे होती, ती बिल करणाऱ्यापर्यंत पोचली नाही. ही आमची चूक आहे. सप्टेंबरपासून बिलावर प्रत्येक मशीनचा क्रमांक येईल आणि त्या महिन्याचा सर्व्हिस रिपोर्ट जोडलेला असेल.
>
> आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

---

जमाखर्च | 9 सप्टेंबर, दुपारी 3:55

पाठवा. बँकेत परत मागितले तर टीडीएसचा हिशेब बदलेल, तेव्हा मला विचारा. त्यांनी तुम्हाला 35,400 नव्हे, 600 कापून 34,800 दिलेत.

---

स्पॅनर | 9 सप्टेंबर, संध्याकाळी 5:30

चांगला आहे मेल. तरी मी 28 मार्चचा रिपोर्ट जोडला नसता. तुमच्याकडे आधीपासून माहिती होती याचा पुरावा स्वतःच्या हाताने कशाला द्यायचा?

---

लेखणीवाली | 9 सप्टेंबर, संध्याकाळी 5:42

त्यावर त्यांच्याच माणसाची सही आहे ना? म्हणजे प्रत त्यांच्याकडेही असणार.

---

स्पॅनर | 9 सप्टेंबर, संध्याकाळी 5:44

असणार. सापडणार का ते वेगळं.

---

मिरजजंक्शन | 9 सप्टेंबर, रात्री 9:15

माझं याच्या उलट झालंय. एका हॉस्पिटलला (नाव नको) मी सात महिने कमी बिल लावलं, जुन्या दराने. आता फरक मागायचा तर तोंड कसं उघडू? तेही माफी मागूनच मागायचं का?

---

जमाखर्च | 9 सप्टेंबर, रात्री 9:50

@मिरजजंक्शन, त्याला डेबिट नोट. पण मागायची की सोडायची हे दर कधी आणि कसा ठरला होता त्यावर आहे. नवा दर लेखी आहे का? वेगळा धागा काढा, यात मिसळू नका.

---

हळदगाठ | 11 सप्टेंबर, सकाळी 11:05

काल दुपारी फोन केला. "मॅडम, माफ करा, चूक आमची" म्हटलं. त्या म्हणाल्या, मेल साहेबांना पाठवलाय, काय म्हणतात बघू. आवाजावरून काही कळेना. जेवण गेलं नाही.

आज सकाळी मेल आला. क्रेडिट नोट मान्य, ऑगस्टमधून वजा करणार, 8,700 येतील. टीडीएस त्यांनी जमाखर्चसाहेबांसारखाच धरलाय. खाली एक ओळ: "इतर पाच मशीनचे एप्रिलपासूनचे सर्व्हिस रिपोर्टही पाठवावेत." म्हणजे विश्वास बसलाय की उडालाय, मला ठरवता येईना.

---

अजिंक्यतारा_पायथा | 11 सप्टेंबर, सकाळी 11:20

दोन्ही. मी पण मागितले असते. लगेच पाठवा, एकाच फाईलमध्ये, महिन्याच्या क्रमाने.

---

कृष्णाकाठ | 11 सप्टेंबर, सकाळी 11:32

बाकीच्या गिऱ्हाइकांची बिलं तपासली का? तीही कॉपी करूनच काढता ना?

---

हळदगाठ | 11 सप्टेंबर, संध्याकाळी 6:40

तेच करत होते दिवसभर. चौदा गिऱ्हाइकं, त्यातली अकरा झाली. दहा बरोबर निघाली. एका ठिकाणी जूनमध्ये मशीन वाढलंय आणि मी अजून जुनेच चार लावतेय. @मिरजजंक्शन, तुमचा धागा काढलात की मला हाक मारा.

साताऱ्याचे रिपोर्ट पाठवले. मे महिन्याचा एक सापडत नव्हता, तो सर्व्हिसवाल्याच्या गाडीच्या डिकीत ग्रीसच्या डब्याखाली मिळाला. तेलाच्या डागासकट स्कॅन केला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता एवढंच विचारलं, "तो सहावा कॉम्प्रेसर भंगारात कितीला दिला ते विचार की. त्याची मोटर चांगली होती."